हात आणि नियत

नांदेडला कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने गेल्या महिन्यात तिच्या वर्गातल्या स्लाइड्स आम्हाला फोनवर पाठवल्या. सोबत लिहिले होते की सगळे पाठ झाले आहे, समजलेले मात्र नाही. आम्ही काही वकील नाही, मास्तर माणूस. पण कायद्याचे पुस्तक उघडून बसलो, आणि तिला जे सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवतो आहोत. कारण हा विषय परीक्षेपुरता नाही. ज्या घरात वयात आलेला मुलगा आहे, ज्या घरात जुना फोन विकत घेतला जातो, त्या प्रत्येक घरापर्यंत तो येऊन पोहोचतो.

पहिल्याच स्लाइडवर लॅटिन भाषेतले एक लांबलचक वाक्य होते. त्याचा अर्थ एवढाच की नुसत्या कृत्याने माणूस गुन्हेगार होत नाही, त्याचे मनही दोषी असावे लागते. खाली दोन चौकटी. एकीत ‘ॲक्टस रियस’, म्हणजे दोषी कृत्य. दुसरीत ‘मेन्स रिया’, म्हणजे दोषी मन. मध्ये बेरजेचे चिन्ह आणि उत्तरात ‘गुन्हा’. आपल्या घरातल्या भाषेत बोलायचे तर एका बाजूला हात आणि दुसऱ्या बाजूला नियत. (मराठीतली ‘नियती’ वेगळी, ती म्हणजे नशीब. इथे आपण उर्दूतल्या ‘नियत’बद्दल बोलतो आहोत, म्हणजे मनातला इरादा.)

आम्ही तिला म्हटले, लॅटिन जरा बाजूला ठेव आणि बिलोलीच्या बस स्टँडजवळचे एक दुकान डोळ्यांसमोर आण. माणसे काल्पनिक, पण प्रसंग कुठल्याही गावात घडावा असा.

हनीफभाईंचे जनरल स्टोअर आहे. गिऱ्हाईक बसची वाट पाहत असले की हनीफभाई त्यांचे फोन काउंटरवर चार्जिंगला लावू देतात. एका दुपारी तिथे दोन फोन लावलेले आहेत. दोन्ही काळे, एकाच कंपनीचे, दोन्हींना साधे काळे कव्हर. एक रऊफचाचांचा, दुसरा एकोणीस वर्षांच्या आरिफचा. देगलूरची बस लागते. आरिफ काउंटरकडे येतो, पिन काढतो, एक फोन खिशात घालतो आणि बसमध्ये चढतो. तो फोन रऊफचाचांचा असतो.

आता सांगा, आरिफने चोरी केली का?

वर्गात विचारले तर निम्मी मुले ‘हो’ म्हणतील, निम्मी ‘नाही’. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. आपण फक्त हात पाहिला. नियत कुठे पाहिली?

आधी हाताचे पाहू. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचे कलम पूर्वी ३७८ होते, आता ते ३०३ आहे. व्याख्या मात्र जवळजवळ तीच, १८६० च्या कायद्यातली. तिचा सारांश असा: एखाद्याच्या कब्जातली जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिकपणे घेण्याच्या इराद्याने जो ती वस्तू हलवतो, तो चोरी करतो.

या वाक्यातला हाताचा भाग वेगळा काढू. वस्तू जंगम हवी, म्हणजे हलवता येणारी. फोन आहेच. ती कोणाच्या तरी कब्जात हवी. रऊफचाचा चहा प्यायला पलीकडे गेले असतील, तरी फोन त्यांनी हनीफभाईंच्या दुकानात, त्यांच्या भरवशावर ठेवला आहे. तो बेवारस पडलेला नाही. संमती हवी होती, ती कोणी दिलेली नाही. आणि शेवटचे म्हणजे वस्तू हलायला हवी. कायदा ‘घेऊन गेला’ असे म्हणत नाही, ‘हलवली’ असे म्हणतो. वाचणाऱ्याच्या नजरेतून हा शब्द नेहमी निसटतो. चोरी पूर्ण व्हायला चोराने दुकानाबाहेर पडावे लागत नाही. वाईट इराद्याने पिन काढून फोन वीतभर उचलला आणि तेवढ्यात हनीफभाईंनी मनगट धरले, तरी चोरी पूर्ण झालेली असते. ‘मी तर अजून नेलाच नव्हता’ हे उत्तर तिथे चालत नाही.

म्हणजे आरिफच्या बाबतीत हाताच्या चारही गोष्टी झालेल्या आहेत. आता राहिला एकच शब्द, ‘अप्रामाणिकपणे’. सगळी नियत या एका शब्दात बसली आहे. कायद्यात त्याचा अर्थ ठरवून दिलेला आहे: एकाला गैर लाभ किंवा दुसऱ्याला गैर हानी व्हावी असा इरादा. गैर म्हणजे ज्यावर आपला कायदेशीर हक्क नाही असा लाभ, किंवा ज्यावर समोरच्याचा हक्क आहे त्याची हानी. हा अर्थ हातात घेऊन आरिफची तीच दुपार पुन्हा पुन्हा पाहू. हात प्रत्येक वेळी जवळजवळ तेच करील. बदलेल ते मन.

पहिली दुपार. आरिफला ठाऊक आहे की डावीकडचा फोन रऊफचाचांचा आहे आणि तो आपल्या फोनपेक्षा नवा आहे. कोणाचे लक्ष नाही हे पाहून तो तोच उचलतो. हात आहे, नियतही आहे. ही चोरी.

दुसरी दुपार. दोन्ही फोन सारखेच दिसतात, बसचा हॉर्न वाजतो आहे, आरिफ आपला समजून चाचांचा फोन उचलतो. हात अगदी पहिल्या दुपारसारखाच. चाचांचे नुकसानही तेवढेच. पण अप्रामाणिक इरादा नाही, म्हणून चोरी नाही. हे आमचे मत नव्हे. एखाद्याची वस्तू आपलीच आहे असे खरोखर समजून घेतली तर ती चोरी नाही, असे उदाहरण खुद्द कलमाखालीच छापलेले आहे.

तिसरी दुपार. आरिफ बाकावर बसून अर्धा तास तो फोन न्याहाळतो. हनीफभाई आत गेले की उचलायचा, असे मनात पक्के ठरवतो. बस येते, धीर होत नाही, आपला फोन घेऊन निघून जातो. नियत पूर्ण खराब, पण हात हललाच नाही. कायद्याच्या दरबारात हा गुन्हा नाही. मनात काय आले याचा हिशेब माणसाच्या कोर्टात होत नाही. दरोड्याच्या तयारीसारखे मोजके अपवाद सोडले, तर नुसता विचार आणि नुसती तयारी यांना शिक्षा नाही. पण हात पुढे गेला आणि वस्तूच मिळाली नाही, तर चित्र बदलते. कोणी चोरीच्या इराद्याने दुसऱ्याच्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला, तरी तो चोरीचा प्रयत्न ठरतो आणि प्रयत्नाला शिक्षा आहे. हेही उदाहरण कायद्याच्या पुस्तकातलेच, प्रयत्नाच्या कलमाखालचे.

इथवर ती मुलगी आमच्याबरोबर होती. तिची अडचण पुढच्या स्लाइडवर होती. तिथे एवढेच लिहिले होते की कृत्य आणि मन ‘एकाच वेळी’ असावे लागतात. नुसती बेरीज पुरत नाही, वेळही जुळावी लागते. आमच्या मते सगळा धडा या एका ओळीत आहे. ती नीट समजावी म्हणून आणखी दोन दुपारी पाहू.

चौथी दुपार. आरिफ जाणूनबुजून चाचांचा फोन उचलतो. बस गावाबाहेर पडते आणि त्याला घाम फुटतो. पुढच्या थांब्यावर उतरून, दुसऱ्या गाडीने परत येऊन तो फोन काउंटरवर ठेवतो. चोरी झाली का? झाली. ज्या क्षणी फोन हलला त्या क्षणी नियत खराब होती. दोन्ही गोष्टी तिथे भेटल्या आणि गुन्हा पूर्ण झाला. नंतरचा पश्चात्ताप मागे जाऊन तो क्षण पुसू शकत नाही. पण तो वायाही जात नाही, कारण शिक्षा ठरवताना त्याचे वजन पडते. कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही असे आहे. नव्या कायद्याने त्यात एक भर घातली. वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. म्हणजे लोकांच्या उपयोगाचे काम, तेही बिनपगारी.

पाचवी दुपार ही सर्वांत अवघड, आणि घरोघरी घडू शकते ती हीच. आरिफ चुकून चाचांचा फोन नेतो. घरी पोहोचल्यावर पाहतो तर पासवर्ड लागत नाही, पडद्यावर चाचांच्या नातवाचा फोटो. चूक लक्षात येते. फोन वाजतो, ‘घर’ असे नाव दिसते. आरिफ उचलत नाही. सिम काढून फेकतो आणि फोन ठेवून घेतो.

ही चोरी का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, आणि ते चुकते. फोन हलला तेव्हा नियत साफ होती. नियत बिघडली तेव्हा फोन चाचांच्या कब्जातून आधीच निघालेला होता. हात एका वेळी, मन दुसऱ्या वेळी. दोघांची भेट झालीच नाही, म्हणून चोरी नाही.

मग आरिफ सुटला का? तर नाही. अशा माणसासाठी कायद्याने दुसरे दार करून ठेवले आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४, जुने ४०३: दुसऱ्याच्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार. या कलमाखाली जणू आमच्या आरिफसाठीच लिहिलेले उदाहरण आहे. वस्तू चुकून आपली समजून नेली तर चोरी नाही, पण चूक कळल्यावर ती बेइमानीने आपल्या उपयोगाला लावली तर हा गुन्हा. इथे कृत्य म्हणजे उचलणे नव्हे, ठेवून घेणे. आणि त्या ठेवून घेण्याच्या क्षणी मन दोषी होते. म्हणजे दोन्ही गोष्टी पुन्हा एकत्र आल्या, फक्त दुसऱ्या कलमात. याला हलके समजू नये. जुन्या कायद्यात याला नुसत्या दंडावरही सोडता येत होते. नव्या कायद्यात किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, शिवाय दंड असे लिहिले आहे. किमान शिक्षेची ही अट पहिल्यांदा चोरी करणाऱ्यालाही नाही. रस्त्यात सापडलेल्या वस्तूचेही असेच. ती कोणाच्या कब्जात नसल्याने उचलणे म्हणजे चोरी नाही, पण मालक कोण हे माहीत असून, किंवा सहज शोधता येत असून ठेवून घेतली तर हेच कलम लागते.

मुले हमखास आणखी एक सबब सांगतात: ‘मी परत देणारच होतो.’ ही सबब सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेली आहे. राजस्थानात अलवर इथे मुख्य अभियंत्याच्या कार्यालयात प्यारेलाल भार्गव नावाचे अधीक्षक होते. एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी सरकारी फाइल बाहेर काढवली, घरी नेली, त्या माणसाला त्यातले कागद बदलू दिले आणि फाइल दुसऱ्या दिवशी परत पोहोचवली. त्यांचे म्हणणे असे की फाइल तर परत आली, मग चोरी कुठली? १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मानले नाही. हानी कायमची असावी लागत नाही, थोड्या वेळापुरती असली तरी ती हानीच, असे न्यायालयाने सांगितले. आरिफने चाचांचा फोन दोन दिवस चोरून वापरून परत ठेवायचा असे ठरवून उचलला असता, तरी हा निकाल त्याच्या आड आला असता. फोन उचलून ‘पाचशे रुपये द्या, मग शोधून देतो’ असे म्हटले, तर तीही चोरीच. चाचांच्या डोळ्यांसमोर, हसत हसत, क्षणभर लपवून लगेच हातात दिला तर गोष्ट वेगळी, कारण तिथे लाभ उकळण्याचा किंवा हानी करण्याचा इरादाच नसतो.

आता कोणीही विचारील, मनातले कोणाला दिसते? दुसऱ्या दुपारचा आरिफ आणि पहिल्या दुपारचा आरिफ, दोघेही कोर्टात ‘चुकून नेला’ असेच म्हणणार. मग ओळखायचे कसे? मन दिसत नाही, पण मनाच्या खुणा वागण्यात उमटतात, आणि न्यायालय त्याच पाहते. ज्याची खरोखर चूक झाली, त्याचा स्वतःचा फोन काउंटरवरच राहिलेला असतो. ही पहिली आणि फार मोठी खूण. त्याने दोन्ही फोन नेले असतील तर ‘चुकून’ हा शब्द तिथेच गळून पडतो. मग पुढचे पाहायचे. फोन आला तेव्हा उचलला की बंद केला? सिम जागेवर आहे की काढले? किती वेळाने परत केला, आपणहून की पोलीस आल्यावर? विकायला नेला होता का? यातली एकेक गोष्ट छोटी, पण एका ओळीत ठेवली की त्या मनाची गवाही देतात. इरादा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. मात्र चोरीनंतर थोड्याच वेळात चोरीची वस्तू कोणाजवळ सापडली आणि ती कशी आली हे त्याला सांगता आले नाही, तर तो चोर आहे किंवा चोरीचा माल जाणून घेणारा आहे, असे अनुमान न्यायालय काढू शकते. बिलाशिवाय, निम्म्याहून कमी किमतीत, अनोळखी माणसाकडून फोन घेणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे. चोरीचा माल घेणाऱ्याच्या कलमात ‘ठाऊक होते’ एवढेच नाही, ‘ठाऊक व्हायला कारण होते’ हेही लिहिलेले आहे.

शेवटच्या स्लाइडवर एका खटल्याचे नुसते नाव होते: महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज. हा आपल्या मुंबईतला खटला. २८ नोव्हेंबर १९६२ रोजी झुरिकहून मनिलाला जाणारे विमान सांताक्रूझला थांबले. त्यातल्या या जर्मन प्रवाशाच्या जाकिटात एकेक किलोच्या सोन्याच्या ३४ लगडी सापडल्या. त्याला भारतात उतरायचे नव्हते. पण त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने नियम कडक केला होता: भारतावरून पुढे जाणारे सोनेही विमानाच्या मालयादीत दाखवलेले हवे. हा नियम २४ नोव्हेंबरच्या राजपत्रात आला आणि हा गृहस्थ २७ तारखेला झुरिकहून निघाला. मला नियम ठाऊकच नव्हता, मग माझे मन दोषी कसे, असे त्याचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली बहुमताने दोषी ठरवले, शिक्षा मात्र भोगली तेवढ्यावर आणली.

म्हणजे दोषी मनाचा नियम मोडला का? नाही. न्यायालयाने त्या कायद्याचे शब्द आणि हेतू पाहिला. देशाचे परकीय चलन वाचवण्यासाठी तस्करी रोखणारा तो कायदा. नियमाची माहिती असलीच पाहिजे अशी अट त्यात वाचली, तर कायदाच लंगडा होईल, असे बहुमताला वाटले. तिघांपैकी एका न्यायमूर्तींचे मत उलट होते. विद्यार्थ्याने यातून घ्यायचे ते एवढेच की दोषी मन लागते की नाही, आणि लागते तर कुठल्या प्रकारचे, हे त्या त्या कलमाच्या शब्दांत शोधावे. चोरीच्या कलमात ‘अप्रामाणिकपणे’ हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे चोरीत नियत पाहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आणखी एक फरक लक्षात ठेवावा. ‘हा फोन माझा वाटला’ ही वस्तुस्थितीबद्दलची चूक, ती माणसाला वाचवू शकते. ‘असे करणे गुन्हा आहे हे ठाऊक नव्हते’ ही कायद्याबद्दलची चूक, ती सहसा वाचवत नाही.

उद्या एखाद्या अम्मीला मुलाच्या दप्तरात अनोळखी फोन दिसला, तर आधी मारायला किंवा लपवायला धावू नये. कुठून, कधी आणि कसा आला हे शांतपणे विचारावे. फोन बंद करू नये, सिम काढू नये, वाजला तर उचलावा आणि ‘आमच्याकडे आहे, घेऊन येतो’ असे सांगावे. त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसाने मुलाला सोबत घेऊन, चार लोकांसमक्ष, ज्या दुकानातून आला तिथे किंवा पोलीस ठाण्यात तो द्यावा. मुलाने खरोखर चुकून आणला असेल, तर त्याच्या साफ मनाचा याहून मोठा पुरावा नाही. आणि लपवून ठेवला, तर जो गुन्हा त्या दुपारी दुकानात घडलाच नव्हता, तो त्या रात्री आपल्या घरात घडेल.